चिरा फिका का पडतो: टेक्स्चर गडद करायचं, गॅमात राहायचं की लिनियरवर जायचं?

खानापूर-जांबोटी पट्ट्यात फार्महाऊस काढणाऱ्यांना हल्ली पाया खणायच्या आधीच घर फोनवर फिरवून दाखवायचं असतं. लिंक व्हॉट्सॲपवर जाते आणि गिऱ्हाईक पणजीत नाहीतर पुण्यात बसून बोटाने घर फिरवून बघतं. बेळगावात हे काम करणारे बरेचजण मॉडेल ब्लेंडरमध्ये करतात आणि थ्री.जेएस किंवा युनिटीत उतरवतात. काम अडतं ते भिंतीच्या रंगावर. जांभ्याच्या चिऱ्याचा फोटो संगणकावर उघडला की चांगला तांबूस-तपकिरी असतो. तोच भिंतीवर चढवला की गुलाबीसर, पीठ भुरभुरल्यासारखा होतो. घराचा मालक खानापूरचा असेल तर फार विचार न करता सांगतो, "ओ, हा चिरा आमच्याकडचा न्हवं की."

यावर तीन उपाय चालतात आणि तिन्हींचे समर्थक भेटतात. पहिला, टेक्स्चर, म्हणजे भिंतीवर चढवायचं चित्रच, फोटोशॉपमध्ये गडद करून आणायचं. दुसरा, इंजिनातलं रंगांचं व्यवस्थापन बंद करून सगळं जुन्या गॅमा पद्धतीने चालवायचं. तिसरा, लिनियर पद्धत नीट लावायची, म्हणजे कुठलं चित्र रंगाचं आणि कुठलं आकड्यांचं हे इंजिनला सांगायचं. तिन्हींनी भिंत पडद्यावर तांबडी दिसू शकते. फरक पडतो तो संध्याकाळचे दिवे लावल्यावर आणि चिऱ्याच्या भोकांतल्या सावलीत. म्हणून मी तुलना त्या दोन जागांवरच करतो आहे.

आधी रंग उडतो कुठे ते बघू

फोनने काढलेल्या जेपीजीमध्ये प्रकाश सरळ मोजून लिहिलेला नसतो. एसआरजीबी नावाच्या मानकानुसार (1999 पासून ते आयईसीचं अधिकृत मानक आहे) प्रकाशाचा आकडा एका वक्रातून काढून मग 0 ते 255 मध्ये बसवतात. हा वक्र साधारण 2.2 गॅमाच्या जवळचा. यामागे कारण आहे. माणसाच्या डोळ्याला अंधारातले बारीक फरक पटकन कळतात, उजेडातले तितके कळत नाहीत. म्हणून 256 पायऱ्यांपैकी जास्त पायऱ्या अंधाऱ्या भागाला दिल्या आहेत. परिणाम असा की फाईलमध्ये 128 लिहिलेलं असलं तरी तो निम्मा प्रकाश नसतो, पुरत्या उजेडाच्या जेमतेम 21.6 टक्के असतो. खरोखर निम्मा प्रकाश म्हणजे 188.

दिव्याचा हिशोब करायला इंजिनला खरा प्रकाश लागतो. म्हणून लिनियर पद्धतीत दोन कामं होतात. चित्र आत घेताना वक्र उलटा फिरवून प्रकाशाचा खरा आकडा काढायचा, त्याला डीकोड म्हणू. हिशोब संपल्यावर पडद्याकडे पाठवताना पुन्हा तोच वक्र लावायचा, ते एन्कोड. दोन्ही झाली तर फोटो जसाच्या तसा दिसतो. डीकोड राहून गेलं आणि एन्कोड मात्र झालं, तर चित्रावर वक्र दोनदा चढतो. टेक्स्चर फिकं पडतं ते इथे.

चिऱ्याच्या फोटोतला एक पिक्सेल घेऊ: लाल 150, हिरवा 78, निळा 54. कोरड्या जांभ्याचा हा रंग ओळखीचा वाटेल. तो डीकोड न होता आत गेला आणि बाहेर पडताना एन्कोड झाला, तर पडद्यावर 202, 150, 127 असा उमटतो. तिन्ही आकडे वाढले, पण सारखे वाढले नाहीत. लाल 52 ने वाढला, हिरवा 72 ने आणि निळा 73 ने. वक्र अंधाऱ्या आकड्यांना जास्त उचलतो, त्यामुळे मागे असलेले दोन रंग लालच्या जवळ आले आणि लालपणा मेला. रंगाचं सॅच्युरेशन मोजलं तर ते 64 टक्क्यांवरून 37 टक्क्यांवर येते. म्हणूनच भिंत नुसती उजळ न होता धुरकट, गुलाबीसर होते, आणि दिवा कमी करून भागत नाही. दिवा कमी केला की तीच फिकी भिंत काळपट होते, एवढंच.

थ्री.जेएसमध्ये हे घडण्याचं एक ठरलेलं निमित्त आहे. 2023 साली आलेल्या r152 या आवृत्तीपासून रंगांचं व्यवस्थापन आपोआप चालू असतं आणि पडद्याकडे जाताना एसआरजीबी एन्कोडही आपोआप होतं. पण `TextureLoader` ने हाताने आणलेल्या चित्रावर कुठलाच शिक्का नसतो, म्हणजे ते रंगाचं चित्र आहे हे इंजिनला कुणी सांगितलेलं नसतं, त्यामुळे ते डीकोड होत नाही. जीएलटीएफ फाईलमधून आलेल्या रंगाच्या टेक्स्चरला `GLTFLoader` स्वतःच शिक्का मारतो. म्हणून एकाच सीनमध्ये ब्लेंडरमधून जीएलटीएफने आलेलं कौलारू छप्पर नीट दिसतं आणि नंतर कोडमधून बदललेला चिरा फिका दिसतो. असा अर्धाच सीन फिका असेल तर फार शोधायला नको, हाताने आणलेली चित्रं आधी तपासा.

अंदाज नको, करडा चौकोन लावा

उपाय निवडण्याआधी आपल्याकडे नक्की काय झालं आहे ते कळायला हवं, कारण फिकेपणाची इतरही कारणं असतात. त्यासाठी 128, 128, 128 रंगाचा साधा करडा पीएनजी करा. तो चिऱ्याच्याच वाटेने सीनमध्ये आणा, पण दिव्याशी संबंध नसलेल्या मटेरियलवर लावा. थ्री.जेएसमध्ये त्यासाठी `MeshBasicMaterial` आहे, त्याचा `toneMapped` `false` करायचा. युनिटीत `Unlit/Texture` शेडर चालतो, मात्र पोस्ट-प्रोसेसिंग बंद हवं. स्क्रीनशॉट घ्या आणि रंग उचलायच्या साधनाने आकडा वाचा.

128 आला तर डीकोड आणि एन्कोड दोन्ही जागेवर आहेत किंवा दोन्ही बंद आहेत. फिकेपणा दुसरीकडून येतो आहे. 188 आला तर डीकोड राहिलं आहे, म्हणजे वर सांगितलेला रोग. 55 आला तर उलटं झालं आहे: डीकोड झालं पण बाहेर पडताना एन्कोड झालं नाही, आणि सीन काळवंडलेला दिसेल. आकडा दोन-चारने पुढे-मागे झाला तर स्क्रीनशॉटच्या रंग-प्रोफाइलमुळे असू शकतं, त्याची काळजी नको. 188 आणि 128 यांतलं अंतर इतकं मोठं आहे की गोंधळ होत नाही.

उपाय पहिला: टेक्स्चर गडद करून आणणं

फोटोशॉपच्या लेव्हल्समधला मधला बाण 0.45 च्या आसपास ओढला की चिऱ्याचा पिक्सेल 150, 78, 54 वरून साधारण 78, 19, 9 वर येतो. इंजिन तो डीकोड करत नाही, पण बाहेर पडताना एन्कोड करतं आणि पडद्यावर पुन्हा 150, 77, 53 असा आकडा येतो. म्हणजे रंग परत मिळाला. बघायला गेलं तर आपण डीकोडचं कामच हाताने केलं. दिव्याचा हिशोबही बरोबर येतो, कारण आत खरा प्रकाश गेला आहे. म्हणूनच हा उपाय वापरणारे "माझं तर चालतंय की" म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं खोटं नसतं.

नुकसान होतं ते अंधाऱ्या भागात. मूळ चित्रात 0 ते 54 या 55 पायऱ्या होत्या. गडद केलेल्या 8-बिट फाईलमध्ये त्या सगळ्या 0 ते 9 या दहाच पायऱ्यांत कोंबल्या जातात. पडद्यावर आल्यावर 0 नंतरची पुढची छटा थेट 13 ची, त्यानंतरची 22 ची. मधलं काहीच शिल्लक नाही. गुळगुळीत रंगवलेल्या भिंतीला हे एकवेळ चालेल. चिऱ्याला चालत नाही, कारण जांभ्याची सगळी ओळख त्याच्या भोकांत असते. भोकाच्या कडेपासून तळापर्यंत सावली हळूहळू उतरत जाते, तिथे आता नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखे पट्टे दिसतात. कॅमेरा भिंतीजवळ नेला की हे लगेच डोळ्यात भरतं, आणि त्यावर जेपीजी म्हणून साठवलं असेल तर सावलीत चौकोनी डागही येतात.

दुसरी अडचण रोजच्या कामातली. ते गडद चित्र आता फक्त याच सीनसाठी उपयोगाचं. ब्लेंडरमध्ये उघडलं तर काळं दिसणार, आणि उद्या सहकाऱ्याने इंजिनात योग्य शिक्का मारला तर भिंत डांबर फासल्यासारखी होणार. फाईलच्या नावावरून कुणाला काही कळत नाही. उद्या सकाळी गिऱ्हाइकाला दाखवायचं आहे आणि कोडला हात लावणारा माणूस गावाला गेला आहे, अशा वेळी एका चित्रापुरता हा उपाय मी समजू शकतो. त्यापलीकडे नाही.

उपाय दुसरा: गॅमातच राहणं

इथे डीकोडही बंद आणि एन्कोडही बंद. फाईलमधले आकडे तसेच हिशोबाला घ्यायचे आणि तसेच पडद्यावर टाकायचे. थ्री.जेएसमध्ये दोन ओळींचं काम आहे, फक्त `GLTFLoader` ने शिक्का मारलेली चित्रं तरीही डीकोड होतात, त्यांचा शिक्का वेगळा काढावा लागतो:

```js
THREE.ColorManagement.enabled = false;
renderer.outputColorSpace = THREE.LinearSRGBColorSpace;
```

दुसऱ्या ओळीतलं नाव बघून ही लिनियर पद्धत वाटते. प्रत्यक्षात ती रेंडररला सांगते की बाहेर पडताना काहीही एन्कोड करू नकोस. युनिटीत `Edit > Project Settings > Player > Other Settings` मध्ये `Color Space` ला `Gamma` निवडलं की हेच होतं.

करडा चौकोन 128 येतो, चिरा तांबडा दिसतो. दिवा नसलेल्या दृश्यात या पद्धतीत आणि लिनियरमध्ये काहीच फरक नाही, ही गोष्ट लिनियरचे भक्त सांगायला विसरतात. तुम्ही 360 अंशांचे फोटो गोलावर चिकटवून राजहंसगडाची किंवा बेळगावच्या किल्ल्यातल्या कमलबस्तीची सहल करत असाल, तर उजेड फोटोतच आहे आणि इंजिन काही हिशोब करत नाही. तिथे गॅमात राहिलात तर काही बिघडत नाही.

दिवे आले की चित्र बदलतं. आपलं फार्महाऊस संध्याकाळी दाखवायचं आहे, ओट्यावर दोन दिवे आहेत आणि त्यांचा उजेड चिऱ्याच्या भिंतीवर एकमेकांवर पडतो. एका दिव्याच्या पुऱ्या उजेडात पिक्सेल 150, 78, 54 दिसतो असं धरू. आता उजेड निम्मा झाला किंवा दुसऱ्या दिव्याने दुप्पट झाला तर काय होतं ते बघा:

| भिंतीवरचा उजेड | गॅमा पद्धत | लिनियर पद्धत |
|---|---|---|
| निम्मा | 75, 39, 27 | 109, 55, 37 |
| पूर्ण | 150, 78, 54 | 150, 78, 54 |
| दुप्पट | 255, 156, 108 | 205, 109, 77 |

दुप्पटची ओळ नीट वाचा. गॅमात लालचा हिशोब 300 येतो, पण जागा 255 पर्यंतच, म्हणून तो तिथे कापला जातो. हिरवा आणि निळा मात्र पूर्ण दुप्पट होतात. लाल अडला आणि बाकीचे पुढे गेले, की रंग नारिंगी-पिवळ्याकडे सरकतो. दोन दिव्यांचा उजेड जिथे एकत्र पडतो तिथे भिंतीवर जळल्यासारखा पिवळट डाग दिसतो आणि त्याला कडक कडा असते. लिनियरमध्ये तीच जागा उजळते, पण चिरा चिराच राहतो. निम्म्याच्या ओळीत उलटं आहे. गॅमात उजेड फार लवकर पडतो, दिव्यापासून थोडं लांब गेलं की भिंत अंधारात बुडते. मग माणूस अंधार घालवायला तिसरा दिवा लावतो, त्याने मधला भाग आणखी जळतो, आणि संध्याकाळ अशीच जाते. गॅमातल्या सीनमध्ये खोलीत सात-आठ लपवलेले दिवे सापडतात ते याचमुळे.

या पद्धतीच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे. युनिटीत अँड्रॉइडसाठी लिनियर हवं असेल तर किमान ओपनजीएल ईएस 3.0 आणि अँड्रॉइड 4.3 लागतं. आज ही अट कुणाला अडवत नाही. पण एखाद्या प्रदर्शनाच्या गाळ्यात जुना टॅबलेट भिंतीला ठोकलेला असेल आणि तोच चालवायचा असेल, तर निवड तिथेच संपली.

उपाय तिसरा: लिनियर, पण शिक्के नीट मारून

फिक्या चिऱ्यासाठी थ्री.जेएसमध्ये एवढंच करायचं:

```js
const chira = new THREE.TextureLoader().load('chira.jpg');
chira.colorSpace = THREE.SRGBColorSpace;
```

जुन्या कोडमध्ये याच्या जागी `texture.encoding = THREE.sRGBEncoding` दिसेल, ते r152 च्या आधीचं. युनिटीत प्रोजेक्ट `Linear` वर ठेवायचा आणि चिऱ्याच्या टेक्स्चरच्या इन्स्पेक्टरमध्ये `sRGB (Color Texture)` या चौकटीत टिक आहे का ते बघायचं. बहुतेक वेळा असतेच. कुणीतरी दुसऱ्या कशासाठी काढलेली असते, किंवा चित्र कोडमधून तयार होत असतं आणि `Texture2D` च्या शेवटच्या `linear` या जागी `true` दिलेलं असतं. प्रोजेक्ट `Gamma` वर असेल तर या चौकटीचा काहीच परिणाम होत नाही. ती दहा वेळा चालू-बंद करून "काही फरक पडत नाही" म्हणणारा माणूस बहुधा गॅमा प्रोजेक्टमध्ये बसलेला असतो.

हा शिक्का दिला की डीकोड ग्राफिक्स चिप करते, आणि शेजारचे पिक्सेल मिसळायच्या आधी करते. हिशोब 8 बिटांपेक्षा जास्त बारकाईने चालतो, म्हणून पहिल्या उपायातले पट्टे इथे येत नाहीत. फाईल मूळचीच राहते, ब्लेंडरमध्येही तीच आणि फोटोशॉपमध्येही तीच.

या पद्धतीची किंमत म्हणजे शिस्त. प्रत्येक चित्राला विचारावं लागतं: तू रंग आहेस की माप? चिऱ्याच्या एका भिंतीला सहसा तीन चित्रं लागतात. एक रंगाचं, एक पृष्ठभागाचा उंचसखलपणा सांगणारं नॉर्मल मॅप, आणि एक खडबडीतपणा सांगणारं रफनेस. शेवटची दोन चित्रं दिसायला चित्रं असली तरी आत फक्त आकडे आहेत. त्यांच्यावर वक्र कधी चढलेलाच नव्हता, मग तो उतरवायचा कसा? एखाद्याने उत्साहाच्या भरात सगळ्यांनाच एसआरजीबीचा शिक्का मारला तर नवा घोटाळा सुरू होतो.

नॉर्मल मॅपमध्ये सपाट जागेचा रंग 128, 128, 255 असतो. यातला 128 म्हणजे "डावीउजवीकडे झुकाव शून्य". तो चुकून डीकोड झाला तर 0.5 च्या जागी 0.216 वाचला जातो आणि झुकाव शून्याऐवजी उणे 0.57 येतो. दोन्ही दिशांना तसंच झालं की सपाट भिंत इंजिनच्या मते कर्णाच्या दिशेने सुमारे 39 अंश कललेली असते. डोळ्यांना हे कसं दिसतं? भिंतीचा आकार सरळ, पण उजेड समोरून पडत असूनही एका कोपऱ्याकडून आल्यासारखा. दिवा भिंतीच्या एका बाजूने नेला तर भिंत एकदम उजळते, दुसऱ्या बाजूने नेला तर मरगळते. रफनेसचं बिघडणं जास्त फसवं आहे. कोरड्या चिऱ्याला 0.9 दिला असेल तर डीकोड झाल्यावर तो 0.79 होतो आणि भिंतीला ओलसर तकाकी येते. पावसाळ्यातलं खानापूर डोळ्यांसमोर असलेल्या माणसाला ती बरोबरच वाटते, म्हणून ही चूक महिनोन्महिने राहू शकते.

ब्लेंडरमध्ये हे इमेज टेक्स्चर नोडच्या `Color Space` मध्ये ठरतं: रंगाला `sRGB`, बाकी दोघांना `Non-Color`. थ्री.जेएसमध्ये मापाच्या चित्रांना काहीच करायचं नाही, शिक्का नसणं हेच त्यांच्यासाठी बरोबर. युनिटीत नॉर्मल मॅपला `Texture Type` मध्ये `Normal map` निवडलं की तो आपोआप बाजूला काढला जातो, बाकीच्या मापांची टिक हाताने काढावी लागते. युनिटीच्या स्टँडर्ड शेडरमध्ये गुळगुळीतपणा अल्फा चॅनलमध्ये असतो, आणि अल्फावर एसआरजीबीचा वक्र कधीच लागत नाही.

हुबेहूब तसाच दिसणारा, पण दुसरा रोग

करडा चौकोन 128 दाखवतो आणि चिरा तरी फिकाच आहे? मग वरच्या तिन्ही उपायांना हात लावू नका.

सगळ्यात आधी टोन मॅपिंगवर संशय घ्या. ब्लेंडर 2.80 पासून `View Transform` ला फिल्मिक होतं, 4.0 पासून एजीएक्स आहे. दोन्ही मुद्दामच तीव्र रंग थोडे सौम्य करतात, म्हणजे झगझगीत उजेडात रंग कापले जाऊन भलतेच होत नाहीत. रेंडरसाठी ते चांगलंच आहे. पण ब्लेंडरच्या खिडकीतला चिरा आणि फोटोतला चिरा शेजारी ठेवून ताडताय, तर आधी `Standard` निवडा. थ्री.जेएसमध्ये `renderer.toneMapping` वर एसीईएस किंवा एजीएक्स लावलं असेल तर तिथेही हीच गोष्ट. घरातले फर्निचरचे रंग गिऱ्हाइकाने शेडकार्डवरून निवडलेले असतील, तर मी टोन मॅपिंग बंदच ठेवतो. संध्याकाळचं नाट्यमय दृश्य विकायचं असेल तर चालू.

फोटो आयफोनने काढला असेल तर तो बहुधा डिस्प्ले पी3 या रुंद रंगपट्ट्यात साठवलेला असतो. ते प्रोफाइल वाटेत गळालं तर तेच आकडे एसआरजीबी म्हणून वाचले जातात आणि तांबडा थोडा मंद होतो. हा फरक गॅमाच्या फरकापुढे किरकोळ, पण जांभ्यासारख्या लालसर वस्तूवर कळतो. फोटो निर्यात करतानाच एसआरजीबीत रूपांतर करून घ्या.

फोटोवरून आणखी एक. चिऱ्याचा फोटो ढगाळ दिवशी काढावा, ऊन असलं की सावल्या फोटोतच भाजून निघतात आणि मग सीनमधल्या दिव्यांशी भांडतात. जुलैत आपल्याकडे ढगांना तोटा नाही, पण तेव्हा चिरा भिजलेला, गडद आणि शेवाळलेला असतो. पावसाळा संपल्यावरचा एखादा मळभाचा दिवस साधला तर उत्तम.

मग कुणी काय निवडावं

नवं काम सुरू करत असाल आणि सीनमध्ये इंजिनला हिशोब करावा लागेल असा एक जरी दिवा असेल, तर लिनियर. यात घोळ घालायचं कारण दिसत नाही. शिक्क्यांची शिस्त पहिल्या दिवशी लावली तर ती भार वाटत नाही, आणि फाईलच्या नावातच `_color`, `_normal`, `_rough` असं लिहिलं तर नव्या माणसालाही कळतं.

नुसते फोटो फिरवायचे असतील तर कुठलीही पद्धत घ्या. आधीपासून चालू आहे तीच ठेवा.

खरा पेच अर्ध्यावर आलेल्या गॅमा प्रोजेक्टचा आहे. युनिटीत `Gamma` चं `Linear` केलं की टेक्स्चरं आपली आपण जागेवर बसतात, पण दिवे बसत नाहीत. अंधार घालवायला जे जादा दिवे लावले होते ते आता सगळीकडे उजेड ओततात, आणि माणसाला वाटतं की लिनियरमुळेच सीन फिका झाला. भाजून ठेवलेले लाइटमॅप, म्हणजे उजेडाचा हिशोब आधीच करून साठवलेली चित्रं, पुन्हा भाजावे लागतात. अर्धपारदर्शक पट्ट्या आणि बटणंही बदलतात: काळ्यावर 50 टक्के पांढरं ठेवलं तर गॅमात 128 दिसत होतं, लिनियरमध्ये 188 दिसतं, त्यामुळे डिझायनरने मोजून दिलेल्या सावल्या वेगळ्याच वाटतात. घर महिनाभरात गिऱ्हाइकाच्या ताब्यात जाणार असेल आणि मालक दिसतंय त्यावर खूश असेल, तर मी ते काम गॅमातच पुरं करेन आणि पुढच्या घराला लिनियर लावेन. हेच मॉडेल दाखवून पुढचे प्लॉट विकायचे असतील तर मात्र बदल आत्ताच करा. क्रम असा: आधी करडा चौकोन 128 आला का बघायचा, मग सगळे लपवलेले दिवे विझवायचे, एक सूर्य आणि ओट्यावरचे खरे दोन दिवे एवढेच ठेवून तीव्रता नव्याने लावायची, आणि शेवटी लाइटमॅप भाजायचे.

थ्री.जेएसचं जुनं काम नव्या आवृत्तीवर नेताना आणखी एक खाचखळगा आहे. r155 पासून दिव्यांच्या तीव्रतेचं मोजमाप बदललं, त्यामुळे जुन्या आकड्यांवर सीन अंधारा दिसतो. टेक्स्चर फिकी आणि दिवे मंद, असे दोन बदल एकत्र समोर येतात. अशा वेळी आधी दिवे वाढवायचा मोह होतो. तो टाळून आधी `colorSpace` चे शिक्के लावा, चिरा तांबडा झाल्याची खात्री करा आणि मगच दिव्यांकडे वळा. उलट क्रमाने गेलात तर फिक्या भिंतीला जुळवलेले दिवे नंतर पुन्हा सगळे बदलावे लागतील.

शेवटची तपासणी गिऱ्हाईक वापरतं तसल्याच फोनवर करा. बऱ्याच फोनमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये रंग भडक करणारा मोड आधीपासूनच चालू असतो आणि त्यात फिका चिराही बरा दिसतो. तो बदलून नैसर्गिक मोडवर ठेवा, ब्राइटनेस मध्यावर आणा आणि चिऱ्याचा मूळ फोटो व सीनचा स्क्रीनशॉट गॅलरीत पाठोपाठ सरकवून बघा. मालक शेजारी असतील तर फोन त्यांच्या हातात द्या. जांभ्याच्या बाबतीत खानापूरच्या माणसाची नजर रंग उचलणाऱ्या साधनापेक्षा कमी नसते.